भाच्याच्या हातातला कंदील

चाकणच्या एका कारखान्यात मी काही वर्षं चिनी दुभाषी म्हणून काम केलं. प्लास्टिकचे भाग ओतणारी दोन मोठी मोल्डिंग मशिनं चीनहून आली होती आणि ती चालू करून द्यायला शानतुंग प्रांतातले पन्नाशीचे एक तंत्रज्ञ आले होते. त्यांना सगळे ‘शीफू’ म्हणायचे. हातात कसब असलेल्या माणसाला चीनमध्ये असंच म्हणतात, आपण मिस्त्री किंवा उस्ताद म्हणतो तसं. शीफू बोलायचे कमी, आणि जे बोलायचे तेही अर्धंच.

एका मशिनचं दुखणं असं होतं, की साच्याचा एक कोपरा भरतच नव्हता. शॉर्ट शॉट. शीफूंनी रात्रपाळीला बसून हीटरची पट्टी बदलली. सकाळी साहेब आले, त्यांनी मला खूण केली, मी शीफूंना विचारलं, झालं का? शीफूंनी मान न वळवता उत्तर दिलं, “वाइशंग ता तंगलुंग.” आणि खिशातलं सिगरेटचं पाकीट चाचपत बाहेर निघून गेले.

मी शब्द ऐकले, शब्द समजले आणि शब्द सांगितले. “ते म्हणतायत, भाच्यानं कंदील धरलाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “कुणाच्या भाच्यानं?”

मागे उभ्या असलेल्या ऑपरेटरनं उगाचच वर छताच्या दिव्याकडे पाहिलं. मी शीफूंच्या मागे धावले. ते दाराशी उभे राहून हसत होते. म्हणाले, “चाओ च्यौ.” हा शब्द मला येत होता, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला. ‘पूर्वीसारखंच’, ‘जैसे थे’. म्हणजे कोपरा अजून भरत नाही. एवढंच सांगायचं होतं तर त्यात भाचा आणि कंदील कुठून आला, हे समजायला मला त्या दिवशीचा जेवणाचा सगळा डबा संपेपर्यंत वेळ लागला.

चिनी बोलीत अशा जोड-वाक्यांचा मोठा साठा आहे. त्यांना ‘श्ये-होउ-यू’ म्हणतात. ‘श्ये’ म्हणजे थांबणं, विसावा घेणं. ‘होउ’ म्हणजे मागचं. ‘यू’ म्हणजे बोल. मागचा भाग विसाव्याला ठेवलेला बोल. पहिल्या भागात एक चित्र असतं, बहुधा विचित्र किंवा हास्यास्पद. दुसऱ्या भागात त्या चित्राचा उलगडा असतो, आणि बोलणाऱ्याला जे म्हणायचं असतं ते सगळं त्या दुसऱ्या भागात असतं. छापताना दोहोंच्या मध्ये लांब रेघ काढतात. बोलताना त्या रेघेच्या जागी नुसता एक श्वास असतो, आणि ऐकणारा ओळखीचा असेल तर पुढचं बोलायची गरजच पडत नाही.

आपल्याकडेही अर्ध्या म्हणी चालतात. “नाचता येईना…” एवढं म्हटलं की अंगण आपोआप वाकडं होतं. “आधीच मर्कट…” म्हटलं की पुढचा मद्याचा प्याला सांगावा लागत नाही. म्हणून मला सुरुवातीला वाटलं, हे तेच आहे. ते तसं नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे एकच वाक्य आहे. निम्मं तोडलं तरी उरलेलं निम्मं त्याच गोष्टीबद्दल बोलत असतं. नाचता न येणारी व्यक्ती दोन्ही भागांत आहे. शीफूंच्या वाक्यात भाचा आणि शॉर्ट शॉट यांचा काडीचा संबंध नाही. पहिला भाग कोडं आहे, दुसरा उत्तर आहे, आणि उत्तराला दोन तोंडं आहेत: एक कोड्याकडे पाहतं, दुसरं तुमच्याकडे.

याला आपल्याकडचं जवळचं नातं म्हणीत नाही, जुन्या कोड्यांत सापडतं. भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडलं? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. एकच शब्द तव्यावर वेगळा, तबेल्यात वेगळा, पानाच्या टोपलीत वेगळा. आता अशी कल्पना करा, की ऑफिसात एखाद्या फायलीबद्दल कुणी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, “भाकरी करपली.” म्हणजे फाईल फिरलीच नाही. ज्याला कोडं माहीत आहे तो हसेल, बाकीचे स्वयंपाकघरात डोकावतील. हे झालं श्ये-होउ-यू.

आता भाचा आणि कंदील उलगडून दाखवते, कारण या एका वाक्यात जवळजवळ सगळं शिकायला मिळतं.

‘वाइशंग’ म्हणजे बहिणीचा मुलगा. भावाचा मुलगा नव्हे, त्याला वेगळा शब्द आहे. ‘ता’ या क्रियापदाचा मूळ अर्थ मारणं, पण चिनी माणूस छत्रीही ‘मारतो’, कंदीलही ‘मारतो’, विहिरीचं पाणीही ‘मारतो’ आणि फोनही. हे ऐकून हसणाऱ्या इंग्रजी विद्यार्थ्यांकडे पाहून मला गंमत वाटायची. आपण हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो. आपल्याला काय नवल! ‘तंगलुंग’ म्हणजे कागदाचा हातकंदील. तर बहिणीचा मुलगा हातात कंदील घेऊन चाललाय. कुणाला उजेड दाखवतोय? मामाला. ‘उजेड पाडणं’ याला ‘चाओ’, आईच्या भावाला ‘च्यौ’. चाओ च्यौ, मामाला उजेड. आणि ‘जुनं’ यालाही ‘च्यौ’च म्हणतात, तोच उच्चार, तोच वरून खाली झपकन उतरणारा सूर. ‘चाओ’चा दुसरा अर्थ ‘च्याप्रमाणे’. चाओ च्यौ, जुन्याप्रमाणे. मामाला उजेड पडला आणि परिस्थिती जैसे थे राहिली.

इथे मराठी माणसाला एक फायदा फुकट मिळतो, तो सोडू नये. इंग्रजीत हे समजवायचं तर आधी नातेवाइकांचा तक्ता मांडावा लागतो, कारण त्यांच्या एकाच शब्दात भाचा आणि पुतण्या दोघंही कोंबलेले असतात, आणि मामा, काका, आत्याचे यजमान हे सगळे एकाच शब्दाचे धनी. आपल्याकडे ‘भाचा’ म्हटलं की समोर मामा उभाच असतो. म्हणजे कोड्याचं अर्धं उत्तर मराठीत आधीच भरलेलं आहे. उरतो फक्त ‘च्यौ’ या आवाजातला दुहेरीपणा, आणि तेवढा एका वाक्यात सांगता येतो.

ज्या बोलांत हा आवाजाचा खेळ नसतो ते तर जवळजवळ आपोआप ओलांडून येतात. शाडूचा बोधिसत्त्व नदी ओलांडतो — स्वतःलाच वाचवता येत नाही. मांसाचा बन कुत्र्याला फेकून मारला — गेला तो परत येत नाही. मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी कोंबडीला नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आला — मनात काही बरं नाही. यांना टिपणीची गरज पडत नाही. तरी शाडूच्या मूर्तीपाशी मी एकदा अडखळले होते. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मातीची मूर्ती आणि पाणी म्हटलं की अनंतचतुर्दशी येते. आपण मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणूनच नेतो, तिथे निरोपाचा गहिवर असतो. चिनी वाक्यात गहिवर अजिबात नाही. दुसऱ्यांना तारणारा देव स्वतःच पाण्यात विरघळायला लागलाय, तो तुम्हाला काय तारणार, असा टोमणा आहे. एखाद्या मित्राकडे उसने पैसे मागितले आणि त्याचेच हप्ते थकलेत, तर तो हे स्वतःबद्दल म्हणतो. तेव्हा चित्र ओळखीचं आहे म्हणून भावही ओळखीचा असेल, असं धरून चालू नये.

आवाजाचे बोल चिनीत एवढे का, याचं कारण साधं आहे. प्रमाण चिनी भाषेत सूर बाजूला ठेवले तर जेमतेम 400 च्या आसपास अक्षर-ध्वनी आहेत, सूर धरले तर 1,300 च्या आसपास. शब्द मात्र कोणत्याही मोठ्या भाषेइतकेच. म्हणजे एकेका आवाजाच्या खोलीत दहा-दहा भाडेकरू. ‘शू’ म्हणजे पुस्तक आणि ‘शू’ म्हणजेच हरणं. म्हणून जुगारात सतत हरणारा माणूस म्हणतो, “कन्फ्यूशियसनं घर बदललं.” त्या पंडिताच्या सामानात काय असणार? सगळी पुस्तकंच. सगळं शूच शू. नव्या वस्तू आल्या तसे नवे बोलही आले. विमानाला थर्मास टांगला तर तो झाला उंचावरचा ‘श्वेइफिंग’, पाण्याची बाटली. आणि ‘श्वेइफिंग’ म्हणजेच पातळी, दर्जा. उच्च दर्जा! कौतुक करायची ही पद्धत मला अजून पचलेली नाही, पण शीफू आमच्या कँटीनच्या मिसळीबद्दल थर्मासच टांगायचे.

आता ज्या बोलानं जगभर घोळ घातला त्याकडे येते.

18 डिसेंबर 1970. पेकिंगमध्ये माओ त्से-तुंग आणि अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांची भेट झाली. दोघांची ओळख 1936 पासूनची. सांस्कृतिक क्रांती चालू होती, आणि माओ मोकळेपणानं बोलत होते. बोलता बोलता ते स्वतःबद्दल म्हणाले, “हशांग ता सान.” भिक्षूनं छत्री धरली. स्नोंनी 30 एप्रिल 1971 च्या ‘लाइफ’ नियतकालिकात या भेटीवर लिहिलं, आणि त्यात हे वाक्य असं उतरलं, की माओ म्हणाले, आपण गळकी छत्री घेऊन जगभर चालणारे एक एकाकी भिक्षू आहोत.

वाचकांच्या काळजाला ते भिडलं. थकलेला, एकटा पडलेला वृद्ध क्रांतिकारक, डोक्यावर गळणारी छत्री. पुढे कितीतरी लेखांत ही प्रतिमा मुरली. आणि चिनी वाचक हे वाचून कपाळावर हात मारत राहिले, कारण मूळ बोलात ना ‘एकाकी’ आहे, ना ‘गळकी’, ना ‘जगभर चालणं’.

त्या बोलाचा दुसरा भाग आहे, ‘वू फा वू थ्येन’. ‘वू’ म्हणजे नाही. भिक्षूच्या डोक्यावर केस नसतात; केसांना ‘फा’. छत्रीमुळे त्याला आभाळ दिसत नाही, आभाळाला ‘थ्येन’. केस नाहीत, आभाळ नाही. पण ‘फा’ म्हणजे कायदाही. केसांचा ‘फा’ खाली उतरणाऱ्या सुरात, कायद्याचा ‘फा’ बुडी मारून वर येणाऱ्या सुरात. एवढा फरक कोटीला खपून जातो. आणि ‘थ्येन’ म्हणजे नुसतं आभाळ नव्हे, वर बसून सगळं पाहणारी सत्ता, दैव, देव. ना कायदा, ना देव. ‘वू फा वू थ्येन’ हा चार अक्षरांचा वाक्प्रचार चीनमध्ये गुंडांबद्दल, बेबंद पोरांबद्दल, कुणालाच न जुमानणाऱ्याबद्दल वापरतात. माओ दुःख सांगत नव्हते, फुशारकी मारत होते.

या गोष्टीचं नेहमीचं तात्पर्य असं काढतात, की दुसरा भाग न बोलल्यामुळे गोंधळ झाला. मलाही तसंच शिकवलं गेलं होतं. पण चिनी बाजूच्या टिपणात पाहिलं तर माओंनी दोन्ही भाग बोललेले आहेत. आपण बेबंद आहोत, हेही आधी सांगितलंय, आणि पुढे ‘केस नाहीत, आभाळ नाही’ अशी फोडही करून दिली आहे. एवढं सगळं सांगूनही पलीकडे पोचली ती गळकी छत्रीच. दुसरा भाग झाकलेला होता म्हणून नव्हे. उघडा होता, पण ज्या ‘फा’वर सगळा डोलारा उभा होता तो इंग्रजीत शिरताना दोनातला एकच अर्थ घेऊन शिरला. भिक्षू, छत्री, केस नाहीत, आभाळ नाही. एवढं सामान हातात आलं आणि कायदा मात्र मागेच राहिला, तर ऐकणारा काय करणार? तो त्या सामानातून स्वतःचं चित्र रंगवणार. त्याच्या मनात भिक्षू म्हणजे एकाकी, छत्री म्हणजे पाऊस. झालं.

दुभाष्याची चूक नेमकी अशीच होते, हे मी चाकणला अनुभवलं होतं, माझ्या वाट्याला फक्त छोटा कंदील आला होता. आणि म्हणून मला ही चूक ओळखायची एक खूण सापडली आहे. भाषांतर ऐकून समोरचा हळवा झाला किंवा ‘वा, किती काव्यात्म!’ म्हणाला, तर समजावं की आपलं काहीतरी सुटलंय. श्ये-होउ-यू ऐकून माणूस हसतो, ओशाळतो किंवा चिडतो. काव्यात्म त्यात फारसं काही नसतं. ती बाजारातली, पारावरची, पाणवठ्यावरची भाषा आहे.

या भिक्षूबद्दल दोन गोष्टी मराठी वाचकांसाठी राखून ठेवल्या होत्या. एक म्हणजे ‘हशांग’ हा शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृत ‘उपाध्याय’ मध्य आशियाच्या वाटेनं झिजत झिजत चीनला पोचला तेव्हा त्याचा हशांग झाला होता. म्हणजे त्या गाजलेल्या छत्रीखाली उभे आहेत ते आपले उपाध्येच. दुसरी गोष्ट मला बसमध्ये सुचली आणि मी एकटीच हसले. इंग्रजीला जे जमलं नाही ते मराठीला अपघातानं जवळजवळ जमतं. आपल्याकडे ‘केस’ डोक्यावरही असते आणि कोर्टातही. “भिक्षूच्या डोक्यावर ना केस, ना आभाळ.” मराठी ऐकणाऱ्याला कायद्याचा वास लगेच येतो. पण हे ‘जवळजवळ’च. माझ्यावर केस नाही, असं म्हणणारा माणूस निर्दोष असल्याचं सांगतो. माओ सांगत होते की कायदाच माझ्यापर्यंत पोचत नाही. कोटी जुळली, रोख उलटा झाला. अशा वेळी जुळलेल्या कोटीचा मोह फार अनावर होतो, आणि तो आवरावा लागतो. मी ती बैठकीत कधीच वापरणार नाही. चहाच्या टपरीवर जरूर वापरीन, आणि लगेच पुढे सांगीन की ती कुठे लंगडते.

दुसरा भाग खरंच न बोलता सोडतात का? प्रामाणिक उत्तर असं, की बहुतेक वेळा सोडत नाहीत. एक श्वास घेतात आणि बोलतात. म्हणून वन त्वानचंग या भाषातज्ज्ञानं हे नावच चुकीचं ठरवून ‘यिन-चू-यू’, म्हणजे आधी ओढून आणणारा आणि मग टीप देणारा बोल, असं नाव सुचवलं होतं. नाव काही बदललं नाही. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शीफूंनी मला दुसरा भाग सांगितलाच, फक्त दारापर्यंत धावायला लावून.

शेपूट खरोखर गिळणारी जात जुनी आणि वेगळी आहे. पूर्वी सुशिक्षित लोक ग्रंथातल्या पाठ वचनाचं टोक तोडून बोलायचे. ‘भावांशी स्नेहानं’ अशा अर्थाच्या प्राचीन वचनातला ‘भाऊ’ गाळायचा आणि उरलेल्या तुकड्यानंच ‘भाऊ’ सुचवायचा. नवव्या शतकाच्या अखेरीस चंग छी नावाचा कवी अशाच खवचट, शेपूटतोड्या शैलीसाठी प्रसिद्ध होता. 894 साली त्याला प्रधानमंत्री नेमल्याची बातमी आली तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, शेपूटतोड्या चंग प्रधान झाला, यावरून काळ कसा आलाय ते कळतंच. थांग घराण्याचं राज्य पुढे तेरा वर्षंच टिकलं.

पण या जातीचा मला सर्वांत आवडणारा नमुना फू सुंगलिंगच्या कथासंग्रहात आहे. फू सुंगलिंग 1640 ते 1715 या काळातला. कथेत एक मोठा मंत्री आहे, एका राजवटीचं मीठ खाऊन दुसरीला जाऊन मिळालेला. त्याच्या वाड्यात कुणीतरी रात्रीतून दोन ओळी लावून जातं. पहिली ओळ: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. दुसरी ओळ: मातृपितृभक्ती, बंधुप्रेम, निष्ठा, विश्वास, शिष्टाचार, न्याय, निःस्पृहता. संपलं. यात शिवी कुठे आहे? दोन्ही ओळींत एकेक जागा रिकामी आहे. पहिलीत आठ विसरले आहेत. ‘आठ विसरला’ याला चिनीत ‘वांग-पा’ म्हणतात, आणि जवळपास त्याच आवाजाची ‘वांग-पा’ ही कासवावरून दिलेली, माणसाच्या जन्मावरच बोट ठेवणारी शिवी आहे. दुसरी ओळ म्हणजे लहान मुलांनाही पाठ असलेले आठ सद्गुण. त्यातला शेवटचा गाळलाय, तो आहे ‘लाज’. कासवाची अवलाद, निर्लज्ज. लिहिलेल्या प्रत्येक अक्षरात सद्गुण आणि आकडे, शिवी सगळी कोऱ्या कागदावर. तक्रार करायला जाल तर काय दाखवणार?

हे समजावताना मी एक नियम पाळते, आणि तो इतर सगळ्या बोलांनाही लागू पडतो: उत्तर सांगायचं नाही, उत्तरापर्यंतचं सामान द्यायचं. आकडे म्हणून दाखवते, सात वर थांबते आणि गप्प बसते. वर्गात कुणीतरी ‘आठ’ म्हणतंच. मग विचारते, आठाचं काय झालं? “राहिला.” “विसरले.” तिथे मी ‘वांग-पा’ हा शब्द फळ्यावर लिहिते. आधी आवाज द्यायचा, मग चित्र, मग विचारायचं. उलट्या क्रमानं, म्हणजे आधी अर्थ सांगून मग “कारण चिनीत अमुक शब्दाचा उच्चार तमुकसारखा आहे” असं स्पष्टीकरण जोडलं, की लोक मान डोलावतात आणि हसत मात्र नाहीत. उत्तर आधी कळलेलं कोडं कोडं राहत नाही.

बैठकीत मात्र हे काही करायचं नाही. तिथे वेळ नसतो आणि कोडी घालायचा हक्कही आपला नसतो. तिथे फक्त दुसरा भाग सांगायचा, तोही साध्या मराठीत: “काही फरक पडलेला नाही, साहेब.” कंदील चहाच्या सुट्टीपर्यंत खिशात ठेवायचा.

काही बोल या पद्धतीलाही दाद देत नाहीत, कारण त्यांचं सामानच अवजड असतं. ‘चौ यू ह्वांग काय याला मारतो — एक मारायला राजी, दुसरा खायला राजी.’ दोघांच्या संमतीनं चाललेल्या व्यवहारात तिसऱ्यानं हळहळू नये, असा याचा वापर. महाग दुकानात लोक खुशीनं लुटून घेतात, त्याला हे म्हणतात. पण ते समजायला 208 सालची लाल कड्याची लढाई हवी, शत्रूचा विश्वास बसावा म्हणून सेनापतीनं आपल्याच म्हाताऱ्या सरदाराला भर छावणीत फटके मारायचं ठरवून केलेलं नाटक हवं, आणि हे फटके इतिहासातले नसून कादंबरीनं घातलेले आहेत ही तळटीपही हवी. इथे मी सामान पसरत बसत नाही. मी उलट विचारते, एखाद्या चिनी माणसाला तुम्ही ‘ध चा मा’ कसा समजवाल? 1773, शनिवारवाडा, नारायणराव, आनंदीबाई, ‘धरावे’चं ‘मारावे’. अर्धा तास जातो. मग तो म्हणतो, “अच्छा, म्हणजे कागदात फेरफार.” हो, तेवढंच. आणि तेवढंच नाहीही. काही बोलांची गोष्टच सांगावी, बोल मागाहून येऊ द्यावा.

शेवटची अडचण स्वतः बोल वापरण्याची. शीफू एकदा दोन साहेबांच्या कात्रीत सापडले होते. इथले म्हणायचे मशीन सदोष, तिथले म्हणायचे तुम्हाला चालवता येत नाही, आणि दोघंही खापर शीफूंवर फोडत होते. मला नुकताच एक बोल आला होता, ‘चू पा-च्ये आरशात पाहतो — आतही माणूस नाही, बाहेरही माणूस नाही.’ चू पा-च्ये म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतला डुकराच्या तोंडाचा शिष्य, भारतात धर्मग्रंथ आणायला निघालेल्या भिक्षूच्या मागे कुरकुरत चालणारा. (ज्याच्यावरून तो भिक्षू बेतला तो ह्युएन त्सांग सातव्या शतकात खरोखर महाराष्ट्रात येऊन गेला, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत पण अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला.) ‘आत-बाहेर माणूस नाही’ याचा व्यवहारातला अर्थ, दोन्हीकडून वाईटपणा. अगदी चपखल! मी मोठ्या उत्साहानं शीफूंना म्हणाले, “तुमचं म्हणजे चू पा-च्येनं आरशात पाहिल्यासारखं झालंय.”

त्यांच्याबरोबरच्या तरुण इंजिनियरचा चेहरा पडला. शीफू क्षणभर थांबले, मग खो खो हसले. नंतर बाजूला घेऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, हा बोल माणूस स्वतःबद्दल म्हणतो. मी म्हटलं तर मी वैतागलोय. तू मला म्हटलंस तर मी डुक्कर. व्याकरण बरोबर होतं, अर्थ बरोबर होता, प्रसंग बरोबर होता. पुरुष चुकला, प्रथमऐवजी द्वितीय. कोणत्याही कोशात हे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून नवा बोल टिपताना त्याच्यापुढे मी एक खूण करते: स्वतःवर, दुसऱ्यावर पाठीमागे, की तोंडावर. कुत्र्यानं उंदीर पकडला — नसती उठाठेव, हा तोंडावर कधीच नाही. त्यात समोरचा कुत्रा होतो. कंदीलवाला भाचा कुणाहीवर चालतो, त्यात कुणाचा अपमान नाही.

म्हणूनच असेल, आमच्या शॉप फ्लोअरवर तोच टिकला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑपरेटर मुलांना कोडं घातलं होतं. भाच्यानं कंदील धरला तर उजेड कुणाला? “मामाला,” चौघं एकदम म्हणाले. मग ‘च्यौ’ सांगितला. त्यांतला एक जण, छताच्या दिव्याकडे पाहणारा, बराच वेळ डबा पुढ्यात घेऊन नुसता हसत बसला. आठवडाभरात शिफ्ट बदलताना “काय स्थिती?” याला “कंदील” असं उत्तर यायला लागलं. शीफू परत गेले, मशीन तोपर्यंत सुधारलं होतं, पण दुसऱ्या मशिनचं काहीतरी निघालंच.

महिन्याभरानं क्वालिटीच्या ऑडिटला बाहेरून एक बाई आल्या. त्यांनी मशीन नंबर दोनचं रजिस्टर उघडलं. ‘दुरुस्तीनंतरची स्थिती’ या रकान्यात तीन दिवस ओळीनं निळ्या पेननं लिहिलं होतं: भाचा. भाचा. भाचा.

“हे काय आहे?” त्यांनी ऑपरेटरला विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “ते मामाला विचारा.”